चौदा उतरत्या फुटिंगांचे बिल: फरक नेमका कुठे होता

तळमजला अधिक तीन मजले अशी एक निवासी इमारत. मुरूम १.८ मीटरवर लागलेला, प्रत्येक कॉलमखाली स्वतंत्र फुटिंग. त्यांतली चौदा फुटिंग एकाच मापाची, आराखड्यावर नाव F2. पहिल्या चालू बिलात ठेकेदाराने या चौदांचे काँक्रीट २२.४० घनमीटर लावले. बिल तपासणाऱ्या अभियंत्याने तो आकडा खोडून १४.९२ लिहिला. मधल्या मध्ये साइटवरच्या सुपरवायझरने स्वतःची आकडेमोड केली होती, तिचे उत्तर १६.१४ आले. आराखडा एकच, टेपही एकच, आणि उत्तरे तीन. फरक साडेसात घनमीटरचा. दर सोयीसाठी घनमीटरला ७,००० रुपये धरला तरी बावन्न हजारांच्या वर जातो.

या प्रकरणात कोणी माप खोटे घेतले नव्हते. लांबी, रुंदी, उंची तिघांचीही बरोबर होती. भांडण होते ते मापांचा गुणाकार कसा करायचा यावर.

F2 चे माप असे. तळ २.०० × १.६० मीटर. तळापासून २०० मिलिमीटरपर्यंत बाजू सरळ उभ्या. तिथून वर ३०० मिलिमीटर उंचीत चारही बाजू उतरत्या, म्हणजे एकूण उंची ५००. कॉलम ३०० × ४५०. कॉलमच्या शटरिंगच्या प्लेटा बसायला सगळीकडून ५० मिलिमीटरची सपाट बैठक सोडलेली, त्यामुळे फुटिंगचा माथा ४०० × ५५०. कॉलमची लांब बाजू फुटिंगच्या लांब बाजूला समांतर. खाली १०० मिलिमीटर जाडीचे पीसीसी, चारही बाजूंनी १०० बाहेर. आकार डोळ्यांसमोर आणायचा तर पालथे घातलेले घमेले आठवावे, फक्त गोल नव्हे, चौकोनी.

डिझाइनर हा उतार हौसेने देत नाही. वाकण्याचा जोर कॉलमच्या तोंडाशी सर्वात जास्त असतो आणि कडेकडे जाताना तो कमी होत जातो, म्हणून कडेला पूर्ण जाडी ठेवण्याची गरज उरत नाही. मात्र कड अगदी धारदारही करता येत नाही. आयएस ४५६:२००० प्रमाणे जमिनीवर टेकलेल्या फुटिंगची कडेची जाडी १५० मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. इथे ती २०० आहे. म्हणून अशा प्रत्येक फुटिंगचे दोन तुकडे पडतात: खाली सरळ ठोकळा आणि वर निमुळता भाग. ठोकळ्याबद्दल वाद नाही. २.०० × १.६० × ०.२० = ०.६४० घनमीटर, तिघांचेही. सगळा गोंधळ वरच्या ३०० मिलिमीटरमध्ये आहे.

ठेकेदाराचा हिशोब सरळ होता: २.०० × १.६० × ०.५० = १.६०. म्हणजे उतार नाहीच असे धरून पूर्ण डबा. याला फार उत्तर द्यावे लागत नाही. आराखड्यात जे काँक्रीट नाही ते बिलात येऊ शकत नाही. तरी ही सवय का पडते ते समजून घेतलेले बरे. अंदाजपत्रकाच्या पहिल्या फेरीत डिझाइन तयार नसते, तेव्हा फुटिंग डबा धरून परिमाण काढतात, आणि पुढे तीच एक्सेल शीट बिलासाठी उचलली जाते. उंचीच्या रकान्यात ०.५० आधीच बसलेले असते.

सुपरवायझरचा हिशोब जास्त विचार करायला लावणारा होता. त्याचे म्हणणे होते, "साहेब, खालचं क्षेत्रफळ घ्या, वरचं घ्या, दोन्हींची सरासरी काढा आणि उंचीनं गुणा. निमुळतं आहे म्हणूनच तर सरासरी घेतली." तळ ३.२० चौरस मीटर, माथा ०.५५ × ०.४० = ०.२२ चौरस मीटर, सरासरी १.७१. गुणिले ०.३० = ०.५१३. त्यात ठोकळ्याचे ०.६४० मिळवले की १.१५३, चौदांचे १६.१४. ऐकायला पटते. नाल्याच्या भरावाचे किंवा रस्त्याच्या कटिंगचे परिमाण अशाच सरासरीने काढतात, तर इथे का नको?

अभियंत्याने प्रिझमॉइडल सूत्र वापरले:

```
V = h/6 × (A1 + 4·Am + A2)
```

यात A1 तळाचे क्षेत्रफळ, A2 माथ्याचे आणि Am बरोबर निम्म्या उंचीवरच्या काल्पनिक कापाचे. निम्म्या उंचीवर लांबी ही वरच्या-खालच्या लांबीच्या मध्ये असते: (२.०० + ०.५५) ÷ २ = १.२७५. रुंदी (१.६० + ०.४०) ÷ २ = १.००. म्हणून मधले क्षेत्रफळ १.२७५ × १.०० = १.२७५ चौरस मीटर. मग

०.३० ÷ ६ × (३.२० + ४ × १.२७५ + ०.२२) = ०.०५ × ८.५२ = ०.४२६ घनमीटर.

ठोकळ्यासह १.०६६, चौदांचे १४.९२.

आता सुपरवायझरची सरासरी ०.५१३ आणि हे ०.४२६. फरक ०.०८७, म्हणजे खऱ्या आकड्यावर वीस टक्के जादा. "सूत्रात असं आहे म्हणून" हे उत्तर साइटवर कोणालाच पटत नाही, आणि पटू नयेही. म्हणून तो निमुळता भाग सुट्या तुकड्यांत मांडून दाखवला. हा भाग कोणालाही कागदावर पाच मिनिटांत तपासता येतो.

माथ्याच्या चार कडांतून खाली उभे काप घ्या. मधोमध एक सरळ खांब निघतो, ०.५५ × ०.४० × ०.३० = ०.०६६. त्याच्या चार बाजूंना चार पाचरी उरतात. लांब बाजूच्या दोन पाचरींचा पसारा (१.६० − ०.४०) ÷ २ = ०.६० मीटर. पाचरीचा छेद त्रिकोणी, म्हणून घनफळ निम्मे: ०.५ × ०.६० × ०.३० × ०.५५ = ०.०४९५, दोन्हींचे ०.०९९. आखूड बाजूच्या पाचरींचा पसारा (२.०० − ०.५५) ÷ २ = ०.७२५. एकीचे ०.५ × ०.७२५ × ०.३० × ०.४० = ०.०४३५, दोघींचे ०.०८७. शेवटी चार कोपरे राहतात. प्रत्येक कोपऱ्याचा तळ ०.७२५ × ०.६० चा आयत असतो आणि तो खांबाच्या कोपऱ्याशी एका उभ्या कडेला जाऊन मिळतो. हा पिरॅमिड झाला. पिरॅमिडचे घनफळ तळ गुणिले उंचीच्या एक तृतीयांश: ०.७२५ × ०.६० × ०.३० ÷ ३ = ०.०४३५, चारांचे ०.१७४.

बेरीज: ०.०६६ + ०.०९९ + ०.०८७ + ०.१७४ = ०.४२६. सूत्राचे उत्तर तंतोतंत.

आता सरासरी कुठे घसरते ते उघड दिसते. वरच्या आणि खालच्या क्षेत्रफळांची सरासरी घेणे म्हणजे खांबाबाहेरच्या प्रत्येक तुकड्याला निम्मे घनफळ देणे. खांबाला ती बरोबर लागू पडते, पाचरींनाही, कारण पाचर खरोखरच निम्मी असते. कोपरा मात्र निम्मा नसतो, तिसरा हिस्सा असतो. चार कोपऱ्यांखालचा पूर्ण ठोकळा ४ × ०.७२५ × ०.६० × ०.३० = ०.५२२ घनमीटर. त्याचा निम्मा आणि तिसरा हिस्सा यांतला फरक म्हणजे सहावा भाग: ०.०८७. सुपरवायझरचा जादा आकडा नेमका हाच. एक थेंबही दुसरीकडून आलेला नाही.

रस्त्याच्या कटिंगला सरासरी का चालून जाते, हेही यातून कळते. तिथे दोन लगतचे छेद एकमेकांपेक्षा फारसे वेगळे नसतात, त्यामुळे कोपऱ्यांचा वाटा नगण्य राहतो. फुटिंगमध्ये तळ माथ्याच्या चौदा-पंधरा पट आहे, आणि क्षेत्रफळातला निम्म्याहून जास्त बदल कोपऱ्यांतच घडतो. तळ आणि माथा यांत जितकी तफावत, तितकी सरासरीची चूक मोठी. म्हणून छोट्या कॉलमाखालच्या मोठ्या फुटिंगात ती सर्वात जास्त बोचते.

सरासरीची चूक कळल्यावर काही जण उलट टोकाला जातात आणि थेट मधल्या कापाचे क्षेत्रफळ उंचीने गुणतात: १.२७५ × ०.३० = ०.३८२५. हे कमी येते. कोपऱ्यांना इथे चौथा हिस्सा मिळतो, हक्क मात्र तिसऱ्याचा. तूट ०.०४३५, सरासरीच्या वाढीच्या बरोबर निम्मी. हा योगायोग नाही. प्रत्येक निमुळत्या फुटिंगात मधल्या कापाची तूट आणि सरासरीची वाढ यांचे प्रमाण एकास दोन असते. प्रिझमॉइडल सूत्र म्हणजे या दोन चुका एकमेकींना नेमक्या खोडतील असे वजन दिलेली बेरीज: मधल्या कापाच्या उत्तराला दोन हिस्से, सरासरीच्या उत्तराला एक. (२ × ०.३८२५ + ०.५१३) ÷ ३ करून पाहा, ०.४२६ येते. सिम्पसनचा नियम ज्यांना आठवतो त्यांना हे चार आणि सहाचे आकडे ओळखीचे वाटतील, कारण सूत्र तेच आहे. उंचीबरोबर लांबीही सरळ रेषेत बदलते आणि रुंदीही, म्हणून क्षेत्रफळाच्या समीकरणात उंचीचा वर्ग येतो, त्याहून मोठा घात येत नाही. अशा आकाराला सिम्पसनचा नियम अंदाज देत नाही, अचूक उत्तर देतो.

कॉलेजात शिकवलेले छाटलेल्या पिरॅमिडचे सूत्र वापरले तर? म्हणजे h/3 × (A1 + A2 + दोन्हींच्या गुणाकाराचे वर्गमूळ). F2 साठी ते ०.४२५९ देते, म्हणजे फरक नावालाच. पण याच्यावर भरवसा ठेवू नये. ते सूत्र खऱ्या पिरॅमिडचे आहे, ज्याच्या चारही कडा वर एकाच बिंदूत मिळतात. त्यासाठी तळ आणि माथा यांच्या बाजू एकाच प्रमाणात लहान व्हायला हव्यात. F2 मध्ये लांबी ३.६ पट आणि रुंदी ४ पट लहान होते. प्रमाण जवळजवळ सारखे, म्हणून उत्तर जुळले. कॉलम आडवा फिरला की चित्र बदलते. तळ २.४० × १.२० आणि माथा ०.४० × ०.८० असे फुटिंग घ्या, ज्यात माथ्याची लांब बाजू तळाच्या आखूड बाजूकडे आहे. एक मीटर उंचीला प्रिझमॉइडल १.४६७ देते आणि वर्गमुळाचे सूत्र १.३८७. साडेपाच टक्क्यांची तूट, आणि ती दर वेळी ठेकेदाराच्याच विरुद्ध जाते. वर्गमुळाचे सूत्र प्रिझमॉइडलपेक्षा जास्त कधीच देत नाही.

इथवर गणित मिटले. पण सुपरवायझरने नव्याने शीट भरली तेव्हा उत्तर पुन्हा ०.५१३ आले, आणि या वेळी रकान्याच्या मथळ्यावर प्रिझमॉइडल असे लिहिलेले होते. ही चूक इतकी सर्रास होते की तिच्यावर थोडे थांबायला हवे. त्याने मधले क्षेत्रफळ म्हणून तळ आणि माथा यांच्या क्षेत्रफळांची सरासरी टाकली होती, १.७१. मग ३.२० + ४ × १.७१ + ०.२२ = १०.२६, गुणिले ०.०५, म्हणजे ०.५१३. सूत्र प्रिझमॉइडलचे दिसते, काम जुन्या सरासरीचेच करते. मधल्या कापासाठी आधी बाजूंची सरासरी काढायची आणि मग गुणायचे. क्षेत्रफळांची सरासरी करायची नाही. दुसऱ्याची शीट तपासताना हे एका नजरेत पकडता येते: मधले क्षेत्रफळ तळ आणि माथा यांच्या बेरजेच्या निम्मे असेल तर चूक नक्की, कारण निमुळत्या फुटिंगात ते त्याहून बरेच कमी असते.

ही चूक होऊच नये असे वाटत असेल तर मधला काप लपवणारे रूप वापरावे. तळाच्या बाजू a, b, माथ्याच्या c, d, त्याच क्रमाने:

```
V = h/6 × [ b·(2a + c) + d·(2c + a) ]
```

F2 साठी १.६० × ४.५५ + ०.४० × ३.१० = ७.२८ + १.२४ = ८.५२. गुणिले ०.०५, तेच ०.४२६. शीटमध्ये तळाची लांबी B, रुंदी C, उभ्या कडेची उंची D, उताराची उंची E, माथ्याची लांबी F, रुंदी G आणि नग H या रकान्यांत असतील तर दुसऱ्या ओळीचे सूत्र असे:

```
=H2*(B2*C2*D2 + E2/6*(C2*(2*B2+F2) + G2*(2*F2+B2)))
```

यात जपायची गोष्ट एकच: F मध्ये माथ्याची तीच बाजू यावी जी B ला समांतर आहे. लांब बाजू आधी लिहायच्या सवयीने आडव्या कॉलमाचे माप उलटे भरले जाते. F2 फुटिंगात ०.५५ आणि ०.४० ची अदलाबदल केली तर कंसातली बेरीज १.६० × ४.४० + ०.५५ × २.८० = ८.५८ होते, फरक क्षुल्लक. लांबट कॉलमाखाली लांबट फुटिंग असेल तर तो दिसण्याइतका होतो.

उंचीच्या रकान्यातही घोटाळा ठरलेला असतो. आराखड्याच्या छेदात ५०० आणि २०० हे दोनच आकडे असतात, उताराचे ३०० स्वतःच वजा करून घ्यावे लागतात. उताराच्या सूत्रात घाईने ०.५० टाकले तर तो भाग ०.७१ येतो. त्यावर ठोकळ्याचे ०.६४ चढवले की १.३५, आणि ठोकळा विसरला तर ०.७१. दोन्ही उत्तरे चुकीची, पण डब्याच्या १.६० पेक्षा कमी असल्याने "बरोबर वाटतात". म्हणून एक ढोबळ अंदाज मनात असावा: कडेची जाडी एकूण उंचीच्या ४० टक्के असलेल्या अशा फुटिंगचे घनफळ डब्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास येते. F2 चे १.०६६ ÷ १.६० = ०.६७. यापासून फार दूर गेलेला आकडा पुन्हा पाहावा.

माथ्याच्या बैठकीचा प्रश्नही निघाला होता. काही जण माथा म्हणून कॉलमचेच माप घेतात, ०.४५ × ०.३०. मग उताराचा भाग ०.३९९५ येतो, नगामागे ०.०२६५ कमी. चौदांत ०.३७ घनमीटर, आणि ते ठेकेदाराच्या हक्काचे आहे, कारण ती ५० मिलिमीटरची बैठक आराखड्यात आहे आणि भरलेलीही आहे. आराखड्यात नसताना मिस्त्रीने स्वतःच्या सोयीसाठी सोडली असेल तर गोष्ट वेगळी.

बिल कमी झाल्यावर ठेकेदाराने शेवटचा मुद्दा काढला, आणि तो गैर नव्हता. "साहेब, आरएमसीच्या चलनावर साडेसोळा घनमीटर आहे. तुमच्या चौदा ब्याण्णवमध्ये एवढा माल मावला कसा?" तीन गाड्या आल्या होत्या, सहा, सहा आणि साडेचार. सिद्ध घनफळापेक्षा १.५८ घनमीटर जास्त. सूत्र चुकले की काँक्रीट कुठे मुरले?

तपासायला अवघड नव्हते, कारण माती भरायची बाकी होती. उभ्या कडेच्या वर १५० मिलिमीटरला, म्हणजे उताराच्या निम्म्या उंचीवर, दोरी धरून समोरासमोरच्या दोन उतारांमधले अंतर मोजले. आराखड्याप्रमाणे तिथे १.२७५ × १.०० मिळायला हवे. बहुतेक ठिकाणी १.३२ × १.०५ च्या आसपास मिळाले. पंपाने चढवायचे काँक्रीट पातळसर असते, आणि इथे उतार एका बाजूला ३०० ला ६००, म्हणजे एकास दोन, दुसऱ्या बाजूला थोडा सौम्य. पातळ काँक्रीट एकास दोनच्या उतारावर थापीने उभे राहत नाही, ते मधोमध फुगते आणि खांद्याजवळ बसते. थोडा वेळ आवळू देऊन मग थापीने घासून उतार काढावा लागतो, नाहीतर माल घट्ट मागवावा लागतो किंवा वरून शटरिंग लावावे लागते. मोजलेले मधले क्षेत्रफळ १.३८६ सूत्रात टाकले की उताराचा भाग ०.४४८ होतो, आराखड्यापेक्षा ०.०२२ जादा. चौदांत ०.३१. प्रिझमॉइडल सूत्राचा हा एक उपयोग सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: मधला काप प्रत्यक्ष मोजून टाकला तर फुगलेल्या उताराचेही बऱ्यापैकी खरे घनफळ मिळते. सरासरीच्या पद्धतीत फुगवटा दिसतच नाही, कारण ती मधे पाहतच नाही.

दुसरी गळती पीसीसीच्या पातळीत होती. पीसीसीचा वरचा भाग दोन-तीन ठिकाणी तपासला तर सरासरी १० मिलिमीटर खाली होता. फुटिंगचा माथा लेव्हलने बांधलेला, म्हणून ते १० मिलिमीटर पूर्ण तळावर भरले गेले. ३.२० × ०.०१ = ०.०३२, चौदांचे ०.४५. तळाचा एक सेंटिमीटर उताराच्या फुगवट्यापेक्षा महाग पडतो, हे नोंदवण्यासारखे. तिसरी गोष्ट पंपाची पाइपलाइन. १२५ मिलिमीटर व्यासाच्या २५ मीटर पाइपात ०.३१ घनमीटर माल उभा असतो, आणि तो शेवटी बाहेरच काढावा लागतो. तिघांची बेरीज १.०७. उरलेला अर्धा घनमीटर सांडण्यात गेला आणि शेवटच्या गाडीतला शिल्लक माल शेजारच्या टाकीच्या तळात ओतला गेला. त्या टाकीचे पीसीसी वेगळे मोजून बिलात येणारच होते.

यांतले काहीही फुटिंगच्या परिमाणात जोडले गेले नाही. मोजमाप आराखड्याच्या मापाने होते. साइटवरची जादा खपत ठेकेदाराच्या दरात धरलेली असते. मात्र एक गोष्ट अभियंत्याने वहीत वेगळी नोंदवली: खांद्याजवळ काँक्रीट बसल्याने दोन फुटिंगांत कॉलमच्या तोंडाशी उंची ५०० ऐवजी ४८५ भरली. घनफळाच्या दृष्टीने हा आकडा चिल्लर आहे, पण पंचिंगची तपासणी कॉलमच्या तोंडापाशीच्या खोलीवर अवलंबून असते. ती दोन फुटिंग डिझाइनरला दाखवल्याशिवाय कॉलमचे स्टार्टर ओतू दिले नाहीत.

डबा धरण्याची सवय फक्त काँक्रीटच्या ओळीत नव्हती, हे पुढच्या ओळी पाहताना लक्षात आले. शटरिंगही ५०० उंचीने लावलेले होते: २ × (२.०० + १.६०) × ०.५० = ३.६० चौरस मीटर नगाला. उतारावर पाट्या लावलेल्याच नव्हत्या, फक्त २०० च्या उभ्या कडेला होत्या. म्हणून १.४४ चौरस मीटर. चौदांचे ५०.४० ऐवजी २०.१६.

माती भरण्याची ओळ मात्र उलट दिशेने गेली. खड्डा पीसीसीच्या मापाने २.२० × १.८० × १.८० = ७.१२८ घनमीटर. त्यातून पीसीसीचे ०.३९६, फुटिंगचे आणि माथ्यावरच्या १.२० मीटर कॉलमचे ०.१६२ वजा केले की भरावाची माती उरते. फुटिंग १.०६६ धरले तर भराव ५.५०, डबा धरला तर ४.९७. ठेकेदाराने काँक्रीट डब्याचे आणि भराव आराखड्यावरून, म्हणजे ५.५० चा लावला होता. चारही घनफळांची बेरीज केल्यावर ७.६६ येते, खड्डा ७.१३ चा असताना. अशी पडताळणी दर फुटिंगला एकदा करावी, कारण खड्ड्यात त्याच्या घनफळापेक्षा जास्त काही मावत नाही. कॉलम पीसीसीपासून मोजला गेला असेल, म्हणजे फुटिंगच्या पोटातला ०.०६७५ घनमीटर दोनदा धरला असेल, तर तेही इथेच उघडे पडते.

आकडे किती ठिकाणांपर्यंत ठेवायचे, यावरही शेवटी थोडी कुरबुर झाली. आयएस १२०० प्रमाणे मापे ०.०१ मीटरपर्यंत आणि घनफळ ०.०१ घनमीटरपर्यंत नोंदवायचे. पण १.२७५ हे माप नाही, गणितातली मधली पायरी आहे. तिला १.२८ करायची गरज नाही. तसेच एका नगाचे १.०६६ आधी १.०७ करून मग चौदाने गुणले तर १४.९८ येते. शेवटी गोल केले तर १४.९२. वहीत १४.९२ नोंदवले गेले.

त्याच इमारतीत हद्दीच्या कडेला आणखी तीन फुटिंग आहेत. माप F2 चेच, पण कॉलम मध्यभागी नसून एका बाजूला सरकलेला: लांबीत एका अंगाला ०.३० आणि दुसऱ्या अंगाला १.१५ मीटर पसारा. त्यांचे घनफळ वेगळे काढावे लागेल का, असे विचारले गेले. लागत नाही. निम्म्या उंचीवरच्या कापाची लांबी अजूनही १.२७५ आणि रुंदी १.०० च आहे, फक्त तो काप बाजूला सरकला आहे. चार कोपरे आता सारखे नाहीत, पण त्यांच्या तळांची बेरीज १.४५ × १.२० च राहते आणि तिचा तिसरा हिस्सा बदलत नाही. त्या तिघांनाही १.०६६ लागू. पायऱ्यांचे फुटिंग असते तर मात्र सूत्राला हात लावायचा नव्हता. तिथे क्षेत्रफळ उंचीबरोबर सलग बदलत नाही, एकदम तुटते, म्हणून प्रत्येक पायरीचा डबा वेगळा धरून बेरीज करायची. त्या आकारात डबाच बरोबर असतो.